जुनी करप्रणाली की नवी? दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षकाच्या पगारावर मांडलेला हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा हिशेब कोणाचा आणि कोणत्या वर्षाचा आहे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या हायस्कूलवर असलेल्या एका शिक्षकाचा हा हिशेब आहे. आपण त्यांना नुसतं 'सर' म्हणू. व्यक्ती कल्पित आहे, पण या भागात रिटर्न भरायला येणाऱ्या शिक्षकांचे आकडे साधारण असेच असतात. वर्ष २०२५-२६ चं आहे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळात मिळालेला पगार. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी या वर्षाच्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागतो. म्हणून खाली कलमांचे जुनेच नंबर दिले आहेत.

सरांचं मूळ वेतन महिन्याला ६४,०००, आणि महागाई भत्ता धरून महिन्याला साधारण १ लाख, म्हणजे वर्षाचे १२,००,०००. घरभाडे भत्ता ७६,८००. प्रवास भत्ता आणि बाकी किरकोळ २३,२००. सगळे मिळून १३,००,०००. सर २००५ नंतर लागलेले आहेत, त्यामुळे त्यांना एनपीएस लागू आहे. त्यांच्या पगारातून १० टक्के म्हणजे १,२०,००० कापले जातात आणि शासन १४ टक्के म्हणजे १,६८,००० आपल्याकडून टाकतं.

पगार तर १३ लाख आहे. मग फॉर्म १६ वर १४,६८,००० कुठून आले?

तो १,६८,००० शासनाचा हिस्सा आहे. तो सरांच्या हातात कधी येत नाही, पण कायद्याने तो पगारच धरला जातो. म्हणून आधी तो ढोबळ पगारात मिळवायचा आणि नंतर कलम ८०सीसीडी(२) खाली तेवढाच वजा करायचा. शासकीय कर्मचाऱ्याला मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत ही वजावट मिळते, आणि जुन्या-नव्या दोन्ही प्रणालींत मिळते. नव्या प्रणालीत ८०सी नाही, ८०डी नाही, म्हणून 'काहीच मिळत नाही' असं शिक्षकांच्या खोलीत सर्रास बोललं जातं. पण ही एक वजावट तिथेही आहे, आणि सरांच्या बाबतीत तीच सगळ्यात मोठी आहे.

ज्यांना जुनी पेन्शन आणि जीपीएफ आहे त्यांच्याकडे शासनाचा असा हिस्साच नसतो. त्यांनी हा १,६८,००० विसरून थेट १३,००,००० पासून हिशेब सुरू करावा. नव्या प्रणालीत उत्तर तेच येईल.

नव्या प्रणालीत सरांना किती कर बसतो?

१४,६८,००० मधून स्टँडर्ड डिडक्शनचे ७५,००० गेले, उरले १३,९३,०००. त्यातून शासनाचा १,६८,००० गेला. करपात्र उत्पन्न १२,२५,०००.

या वर्षीचे टप्पे असे: पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के. सरांचा कर म्हणजे २०,००० अधिक ४०,००० अधिक वरच्या २५,००० वर ३,७५०, एकूण ६३,७५०.

इथे बरेच जण थांबतात आणि घाबरतात. 'माझं १२ लाखांच्या वर गेलं, आता रिबेट गेली, साठ हजार भरावे लागणार.' तसं होत नाही. १२ लाखांपर्यंत ६०,००० ची पूर्ण रिबेट आहे हे खरं. पण त्याच्या थोडं वर गेलेल्यांसाठी त्याच कलम ८७ए मध्ये सीमांत सवलत ठेवलेली आहे. १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न गेलं, त्याहून जास्त कर घेता येत नाही. सरांचं २५,००० वर गेलं आहे, म्हणून कर २५,०००. त्यावर ४ टक्के सेस १,०००. एकूण २६,०००.

आणि जुन्या प्रणालीत?

सर कागदपत्रं नीट ठेवणारे आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे दाखवण्यासारखं पुष्कळ आहे. क्रमाने जाऊ.

ढोबळ पगार १४,६८,०००. स्टँडर्ड डिडक्शन जुन्या प्रणालीत ५०,००० च आहे. व्यवसाय कर २,५००. उरले १४,१५,५००. घरभाडे भत्त्याची सूट शून्य, ती का ते पुढे येईल. दारव्ह्याला बांधलेल्या घराच्या कर्जाचं व्याज १,४०,०००, ते वजा जाऊन १२,७५,५००.

मग ८०सी चे १,५०,००० आणि ८०सीसीडी(१बी) चे ५०,०००. या दोन्हींची मांडणी जरा काळजीने करावी लागते. सरांचा स्वतःचा एनपीएस हिस्सा १,२०,००० आहे. त्यातले ५०,००० आधी ८०सीसीडी(१बी) मध्ये दाखवायचे. उरलेले ७०,०००, एलआयसीचे ३६,००० आणि गृहकर्जाची मुद्दल ४४,००० मिळून बरोबर १,५०,००० होतात. कार्यालयात पुष्कळदा सगळे १,२०,००० एकदम ८०सी मध्ये टाकतात. मग तिथली बेरीज दोन लाख होते, दीड लाखाच्या वरचं वाया जातं आणि १बी चा रकाना रिकामा राहतो. ५०,००० ची वजावट हातची जाते. सरांच्या टप्प्यात त्याचा अर्थ १०,४०० रुपये जास्त कर.

हे दोन्ही वजा जाऊन उरले १०,७५,५००. शासनाचा १,६८,००० इथेही जातो: ९,०७,५००. कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा हप्ता १८,००० आणि आई-वडिलांच्या औषधोपचाराचे ३२,०००, असे ८०डी चे ५०,०००. करपात्र उत्पन्न ८,५७,५००.

जुन्या टप्प्यांप्रमाणे ५ लाखांपर्यंतचा कर १२,५००, आणि त्यापुढच्या ३,५७,५०० वर २० टक्के म्हणजे ७१,५००. बेरीज ८४,०००, सेस ३,३६०. एकूण ८७,३६०.

नव्या प्रणालीत २६,०००, जुन्या प्रणालीत ८७,३६०. फरक ६१,३६० रुपयांचा, आणि तोही सरांनी एकही वजावट सोडलेली नसताना.

करपात्र उत्पन्न जुन्या प्रणालीत साडेतीन लाखांनी कमी आहे, तरी कर जास्त कसा?

कारण टप्पे वेगळे आहेत. जुन्या प्रणालीत ५ लाख ओलांडले की थेट २० टक्के लागतात, मधला १० टक्क्यांचा टप्पाच नाही. आणि रिबेट फक्त ५ लाखांपर्यंत आहे. सरांचं उत्पन्न ८,५७,५०० वर आलं, पण ते ५ लाखांवर आलं नाही, त्यामुळे रिबेटचा एक रुपयाही मिळाला नाही. म्हणून करपात्र उत्पन्न कुठे कमी दिसतं ते पाहून प्रणाली निवडू नये. दोन्हीकडे शेवटची ओळ, सेससकट, काढायची आणि तिची तुलना करायची.

मी गावात भाड्याने राहतो, पावती देतो, घरमालक सहीही करतो. तरी घरभाड्याची सूट शून्य कशी?

हा प्रश्न गावाकडच्या प्रत्येक नोकरदाराने समजून घ्यावा असा आहे, कारण दर वर्षी फेब्रुवारीत पावत्या जमवायची धावपळ होते आणि त्यातल्या बहुतेक पावत्यांनी एक रुपयाचाही कर वाचत नाही.

घरभाडे भत्त्याची सूट तीन रकमांपैकी सगळ्यात लहान रकमेएवढी मिळते. पहिली, मिळालेला घरभाडे भत्ता. दुसरी, भरलेलं भाडं वजा पगाराचे १० टक्के. तिसरी, पगाराचे ४० टक्के (मुंबईसारख्या चार महानगरांत ५०). इथे पगार म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता.

सर शाळेच्या गावी महिन्याला ५,००० भाडं देतात, वर्षाचे ६०,०००. त्यांच्या पगाराचे १० टक्के होतात १,२०,०००. साठ हजारातून एक लाख वीस हजार वजा केले तर काही उरत नाही. म्हणून सूट शून्य. भत्ता ७६,८०० मिळाला तरी तो पूर्ण करपात्र.

म्हणजे सरांना सुटीचा पहिला रुपया मिळायला भाडं महिन्याला १०,००० च्या वर हवं. आपल्या भागात खेड्यात तेवढ्या भाड्याचं घर असतंच कुठे? तालुक्याच्या ठिकाणी चांगल्या दोन खोल्या घेतल्या तरी आकडा तिथवर जात नाही. शहरातला एखादा मित्र 'मला एचआरएमध्ये मोठी सूट मिळते, जुनी प्रणालीच बरी' असं सांगतो, तेव्हा तो खरंच सांगत असतो. पण तो त्याच्या भाड्याचा हिशेब असतो. आपला पगार त्याच्याएवढाच असला तरी आपलं भाडं तेवढं नसतं, आणि जुन्या प्रणालीचा मोठा आधार इथेच निसटतो.

तुमच्यासाठी पडताळणी सोपी आहे: मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला जे होतं त्याचा दहावा भाग काढा. भाडं त्याहून कमी असेल तर पावत्या गोळा करण्यात वेळ घालवू नका.

मुलं शिकायला अमरावतीला आहेत, तिथे घर भाड्याने घेतलं आहे. ते भाडं दाखवू का?

सूट कर्मचारी ज्या घरात स्वतः राहतो त्या घराच्या भाड्यासाठी आहे, मुलांच्या खोलीसाठी नाही. त्यात जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी राहत असल्याचं लिहून दिलेलं असतं, त्यासोबत ग्रामसभेचा ठराव जोडलेला असतो. एका कागदावर मुख्यालयी आणि दुसऱ्यावर अमरावतीला, असे दोन कागद एकाच कार्यालयात जाऊ देऊ नका. आणि मिळून किती मिळणार? ११,००० भाडं धरलं तर वर्षाची सूट होते १२,०००, आणि त्यावर जुन्या प्रणालीत वाचतात २,४९६ रुपये. तेवढ्यासाठी हा धोका पत्करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

घर वडिलांच्या नावावर आहे, कर्ज मी फेडतो. व्याजाची वजावट मिळेल?

नाही. कलम २४(बी) ची वजावट घराच्या मालकाला मिळते. गावठाणातली जागा वडिलांच्या नावावर, नमुना ८ वर त्यांचंच नाव, आणि बांधकाम मुलाच्या कर्जातून, असं आपल्याकडे घरोघरी आहे. अशा वेळी हप्ता मुलाच्या खात्यातून गेला तरी व्याज त्याला दाखवता येत नाही.

दुसरा प्रश्न पतसंस्थेच्या कर्जाचा. घर बांधायला शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज घेतलं असेल तर त्याचं व्याज चालतं, कारण व्याजासाठी कर्ज कोणाकडून घेतलं याची अट नाही. पैसा बांधकामातच लागला हे दाखवता आलं पाहिजे आणि संस्थेचा व्याजाचा दाखला हवा. मुद्दल मात्र ८०सी मध्ये बँका, सहकारी बँका, गृहवित्त संस्था अशा ठरावीक ठिकाणच्या कर्जाचीच चालते. साध्या पगारदार पतसंस्थेची चालत नाही.

आणि बांधकाम पूर्ण झालेलं असावं. कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या शेवटापासून पाच वर्षांत ते पूर्ण झालं नाही, तर स्वतः राहत्या घरासाठी २ लाखांची मर्यादा ३०,००० वर येते. स्लॅब टाकून ठेवून वरचं काम पुढच्या हंगामावर ढकलणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

नव्या प्रणालीत राहत्या घराचं व्याज मिळत नाही. घर भाड्याने दिलं असेल तर त्या भाड्याच्या उत्पन्नातून व्याज वजा करता येतं, पण त्यात येणारा तोटा पगारातून वळता करता येत नाही.

आई-वडिलांचा विमा नाही. त्यांच्या दवाखान्याचा खर्च खरंच चालतो?

जुन्या प्रणालीत चालतो, आणि ही तरतूद फार कमी जणांना माहीत आहे. आई किंवा वडील ६० च्या पुढचे असतील आणि त्यांच्या नावाने आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या उपचाराचा खर्च ५०,००० पर्यंत ८०डी मध्ये घेता येतो. अट एवढीच की पैसे रोखीने दिलेले नकोत. सेवाग्रामला किंवा नागपूरला दाखवायला नेलं आणि काउंटरवर नोटा मोजल्या तर तो खर्च वजावटीसाठी गेला. यूपीआय, कार्ड किंवा चेकने दिलेलं धरलं जातं. मेडिकलच्या बिलांवर रुग्णाचं नाव लिहून घ्या.

सरांकडे आणखी किती वजावट असती तर जुनी प्रणाली परवडली असती?

उलटीकडून हिशेब करू. जुन्या प्रणालीत कर २६,००० वर यायला सेसआधीचा कर २५,००० हवा. तो ५,६२,५०० या करपात्र उत्पन्नावर येतो. सरांचं आहे ८,५७,५००. म्हणजे आणखी २,९५,००० ची वजावट हवी, आणि तेव्हा कुठे दोन्ही सारख्या होतील.

आता सगळ्या मर्यादा ताणून पाहू. गृहकर्जाचं व्याज पूर्ण २ लाख झालं, तर ६०,००० वाढतील. ८०डी दोन्ही बाजूंनी पूर्ण भरली, तर २५,००० वाढतील. भाडं कितीही दाखवलं तरी सूट मिळालेल्या भत्त्यापेक्षा जास्त होत नाही, म्हणून ७६,८०० च्या वर नाही. एकूण १,६१,८००. तरीही १,३३,२०० कमी पडतात. म्हणजे या पगारावर, एनपीएस असलेल्या शिक्षकाला, नेहमीच्या वजावटींच्या जोरावर जुनी प्रणाली परवडूच शकत नाही.

अपवाद त्यांचे, ज्यांच्याकडे नेहमीच्या बाहेरचं काही आहे. मुलाच्या शैक्षणिक कर्जाचं व्याज (८०ई) कितीही असलं तरी पूर्ण वजा होतं. घरात दिव्यांग व्यक्ती अवलंबून असेल तर ८०डीडी खाली ७५,०००, आणि तीव्र दिव्यांगत्व असेल तर १,२५,०००. अशा घरांनी दोन्ही हिशेब जरूर मांडावेत.

मग जुनी प्रणाली नेमकी कोणी विचारात घ्यावी?

ज्यांचं नव्या प्रणालीतलं करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत आहे, म्हणजे शासनाचा हिस्सा सोडून पगार १२,७५,००० पर्यंत, त्यांचा पगारावरचा कर शून्य आहे. शून्याच्या खाली जुनी प्रणाली जाऊ शकत नाही. ग्रामसेवक, आरोग्य सेवक, तलाठी, बहुतेक प्राथमिक शिक्षक इथे येतात.

वरच्या टोकाला, शासनाचा हिस्सा सोडून २४,७५,००० किंवा त्याहून जास्त पगार असेल, तर जुन्या प्रणालीत स्टँडर्ड डिडक्शन सोडून ८ लाखांपेक्षा जास्त वजावटी असल्या तरच ती फायद्याची. नागपूरला मोठं भाडं भरणारे वरिष्ठ प्राध्यापक किंवा वैद्यकीय अधिकारी तिथवर पोहोचू शकतात. मधल्या पगारांना हा आकडा कमी लागतो, पण गावात राहणाऱ्याला भाड्याची सूट नसल्यामुळे तोही गाठणं अवघड जातं.

फॉर्म १६ मध्ये चूक आहे हे कसं ओळखायचं?

भाग ब काढा आणि दोनच जागा पाहा: वर ढोबळ पगाराची रक्कम, आणि खाली ८०सीसीडी(२) ची ओळ. शेजारी वर्षभराचं वेतन विवरण आणि एनपीएसचं वार्षिक स्टेटमेंट ठेवा.

पहिली चूक अशी की १,६८,००० वर मिळवलेले असतात, पण 'नवी प्रणाली आहे, काही मिळत नाही' असं समजून खालची ओळ कोरी ठेवलेली असते. मग करपात्र उत्पन्न १३,९३,००० दिसतं, सीमांत सवलतही जाते आणि कर होतो ९२,५०८. खरा कर २६,०००. एका कोऱ्या रकान्यापायी ६६,५०८ रुपये जास्त.

दुसरी चूक याच्या उलट. ढोबळ पगार १३,००,००० च दाखवलेला, म्हणजे शासनाचा हिस्सा मिळवलाच नाही, पण खाली १,६८,००० वजा केलेले. करपात्र उत्पन्न १०,५७,००० वर येतं आणि कर शून्य दिसतो. शिक्षक खूश होतात, पण हा शून्य टिकणारा नाही. जी रक्कम उत्पन्नात घेतलीच नाही ती वजा करता येत नाही. पुढे नोटीस आली तर कर व्याजासकट भरावा लागतो.

दोन्ही वेळा गटशिक्षणाधिकारी कार्यालयातल्या लेखा विभागाकडून फॉर्म १६ दुरुस्त करून घेणं उत्तम. वेळेत झालं नाही तर रिटर्नमध्ये स्वतः बरोबर आकडा टाका आणि वेतन विवरण, एनपीएस स्टेटमेंट जपून ठेवा.

बँकेच्या एफडीचं १०,००० व्याज आहे. त्याने काय फरक पडणार?

सरांच्या जागी असाल तर बराच पडतो. करपात्र उत्पन्न १२ लाख ते साधारण १२,७०,५०० या पट्ट्यात आहे तोवर वाढलेला प्रत्येक रुपया करात जातो, कारण सीमांत सवलतीचं गणितच तसं आहे. १०,००० व्याज आलं की कर १०,००० ने वाढतो आणि वर ४०० सेस. मिळालेल्या व्याजापेक्षा कर जास्त.

म्हणून काही जण व्याज दाखवतच नाहीत. तसं करू नका. बँकेने कळवलेलं व्याज पोर्टलवरच्या एआयएस मध्ये असतं, रिटर्नशी ते ताडून पाहिलं जातं. या पट्ट्यात असाल तर पुढच्या वर्षीची ठेव कुठे ठेवायची याचा आधी विचार करा. पीपीएफचं व्याज दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे. पत्नीच्या नावाने ठेव टाकून उपयोग नाही, तुमच्या पैशावरचं व्याज तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं.

वावर आहे. शेतीचं उत्पन्न तर करमुक्त आहे ना?

करमुक्त आहे, पण पगारावरचा कर किती दराने लागावा हे ठरवताना ते मोजलं जातं. निव्वळ शेती उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर ही पद्धत दोन्ही प्रणालींत लागते.

सरांच्या बाबतीत सातबारा वडिलांच्या नावावर आहे, म्हणून हा प्रश्न येत नाही. त्यांच्या शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांचं उदाहरण घेऊ. पगार १२,७५,०००, करपात्र बरोबर १२,००,०००, त्यामुळे ते निश्चिंत आहेत. पण त्यांच्या नावावर वावर आहे आणि सोयाबीन, तूर, कापूस मिळून खर्च वजा जाता २,००,००० उरले. आता दोन्हींच्या बेरजेवर, म्हणजे १४ लाखांवर, कर काढायचा: ९०,०००. मग करमुक्त मर्यादेत शेती मिळवून, म्हणजे ६ लाखांवर, कर काढायचा: १०,०००. फरक ८०,०००. रिबेट जास्तीत जास्त ६०,०००. उरले २०,००० आणि सेस ८००. 'बारा लाखांपर्यंत शून्य' ऐकून बसलेल्या माणसाला २०,८०० भरावे लागतात.

म्हणून बियाणं, खत, फवारणी, मजुरी, वेचणी यांच्या पावत्या ठेवा, कारण निव्वळ उत्पन्नच मोजलं जातं. नापिकीच्या वर्षी तर काही उरतही नाही, ते तसंच दाखवा. सातबारावर भावांची नावं असतील तर फक्त आपला हिस्सा. आणि शेती उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो.

कार्यालयाने वर्षभर जुन्या प्रणालीने टीडीएस कापला. आता बदलता येईल का?

येईल. पगारदार माणूस दर वर्षी रिटर्न भरताना आपली प्रणाली निवडू शकतो, कार्यालयाला काय सांगितलं होतं त्याने तो बांधला जात नाही. सरांचे ८७,३६० कापले गेले असतील तर नव्या प्रणालीने रिटर्न भरून ६१,३६० परत मागता येतात. काही न कळवल्यास कार्यालयाने नवी प्रणाली धरायची असते, पण जुन्या एक्सेल शीटवर काम चालू असलं की जुनी तशीच पुढे सरकते. एप्रिलमध्येच लेखी कळवलेलं बरं.

जुनी निवडायची असेल तर मात्र रिटर्न मुदतीत, म्हणजे पगारदारांसाठी ३१ जुलैच्या आत भरावाच लागतो. मुदत चुकली की नवी प्रणालीच लागते. फॉर्ममध्ये `115BAC(6)` असा उल्लेख असलेला प्रश्न येतो, नव्या प्रणालीतून बाहेर पडायचं आहे का असा. तो नीट वाचून उत्तर द्या. जुनी निवडणाऱ्याला आता पॉलिसीचा नंबर, कर्ज खात्याचा नंबर असे तपशीलही भरावे लागतात.

पगारासोबत धंद्याचं उत्पन्न असेल, विम्याचं कमिशन असेल, तर नियम वेगळे आहेत. जुनी घ्यायला फॉर्म १०-आयईए भरावा लागतो आणि एकदा नव्यात परतल्यावर, धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही.

मार्चमध्ये कर वाचवायला पॉलिसी घेऊ का?

सरांच्या जागी असाल तर नाही. ८०सी चे पूर्ण १,५०,००० जुन्या प्रणालीत ३१,९८० वाचवतात, आणि ते वाचवूनसुद्धा सर ६१,३६० ने मागेच आहेत. विमा घरच्यांसाठी हवा असेल तर घ्या, पण तो मुदत विमा असू द्या, आणि हप्त्याचा निर्णय कराशी जोडू नका. चालू पॉलिसी घाईने बंदही करू नका, आधी सरेंडर किंमत विचारून घ्या.

महागाई भत्त्याची थकबाकी एकदम मिळाली. तिचं काय?

कलम ८९ ची सवलत दोन्ही प्रणालींत मिळते. थकबाकी ज्या वर्षाची आहे त्या वर्षात ती धरली असती तर किती कर बसला असता, ते काढून फरकाची सूट मिळते. त्यासाठी फॉर्म १०ई ऑनलाइन भरावा लागतो, आणि तो रिटर्नच्या आधी. आधी रिटर्न भरून मग १०ई भरणाऱ्यांची सवलत नाकारली जाते. थकबाकीच्या बिलावर कोणत्या महिन्यांची रक्कम किती हे लिहिलेलं असतं, त्याची प्रत पंचायत समितीतून बिल निघतानाच मागून घ्या.